बटणघरची पाटी

माझी धाकटी जाऊ गोड बाई नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खास मुलांची शाळा चालवणारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक मऊसूत, मंद हसणारी मूर्ती येते. आमची धाकटी उंच, हाडकुळी, दारं आपटत चालणारी. लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "ही सून आहे की हवालदार?" मी म्हटलं, "बघू, उपयोगी पडेल." पडली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांना कुशीवर वळवायचं असलं की त्यांना हवालदारच हवा असायचा.

ती साध्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिथे दरवर्षी वर्गात एखाददोन मुलं अशी असत की तोंडी विचारलं तर सगळ्यांच्या पुढे आणि पुस्तक समोर ठेवलं की मुकी. इतर शिक्षिका त्यांना आळशी म्हणत. धाकटीला ते पटेना. "आळशी मुलगा खेळायलाही आळस करतो," ती म्हणायची. "हा तर वाचायचं म्हटलं की घामाघूम होतो. आळसाने घाम येतो का, वहिनी?" चाळिशी उलटल्यावर तिने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आमच्या शहरातल्या एकमेव खास शाळेत मुख्याध्यापिका झाली. मी त्याच शाळेच्या समितीची चिटणीस. म्हणजे बाकीचे बोलतात आणि मी लिहिते.

शाळा एका बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्यात भरते. यंत्रं कधीच गेली, बटणं मात्र अजून जात नाहीत. फरशीच्या फटींतून, खिडकीच्या चौकटीतून, पाऊस झाला की अंगणातल्या मातीतून वर येतात. शिंपल्याची, शिंगाची, दोन भोकांची, चार भोकांची. धाकटीने ती धुवून बरण्यांत भरली. मुलं त्यांवर बेरजा-वजाबाक्या करतात, बटणं मांडून अक्षरांची वळणं करतात आणि मग त्यावरून बोट फिरवतात. डोळ्याला जे अक्षर पळून जातं, ते बोटाला सापडतं.

शाळेला दोन दारं. पुढचं मोठ्या रस्त्यावर, रुंद, लोखंडी. मागचं गल्लीत, अरुंद, हातांच्या तेलाने काळंभोर झालेलं. सकाळी शिपाई पुढचं दार सताड उघडायचा, दुपारी तसंच लावायचा. मधल्या वेळात त्यातून टपालवाला येई आणि विजेचा मीटर वाचणारा येई. पालक येत नसत. सगळे पालक मुलांना घेऊन मागच्या दाराने येत.

कारण पुढच्या दारावर पाटी होती. 'मंदगती बालकांची विशेष शाळा.' दोन पुरुष लांब, निळ्यावर पांढरी अक्षरं, बसमधूनसुद्धा वाचता येतील अशी. ज्यांनी ती लावली ती माणसं भली होती. त्यांच्या काळात तोच शब्द सभ्य समजला जायचा, त्याच्या आधीचा तर मी लिहिणारही नाही. पण त्या पाटीखालून मुलाचं बोट धरून आत शिरायचं म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगायचं, की बघा, हा तो.

आणि मागच्या गल्लीत बटाट्याचं गोदाम.

गल्ली इतकी अरुंद की ट्रक वळूच शकत नाही. तो रस्त्यावरून उलटा आत घालावा लागतो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. गोदामाचा एक हमाल मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. शिट्टी चालू आहे तोवर येऊ दे, शिट्टी थांबली की थांब. एवढाच कायदा. ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये सडपातळ माणसाने श्वास आत घेऊन उभं राहावं इतकी जागा उरते. शाळेच्या भिंतीवर एक लांबच लांब ओरखडा आहे. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा नेमकी एक मुलगी भिंतीला चिकटून ट्रक जायची वाट बघत होती. ओरखडा तिच्या कानाजवळून जात होता.

हमाल धाकटीला भेटला की म्हणायचा, "बाई, सांगून ठेवतो. एक दिवस व्हायचं ते होणार."

"मग तू कशाला आहेस?"

"मी दोनच डोळ्यांचा आहे, बाई."

धाकटीने मागच्या दाराला कुलूप घालून पाहिलं होतं. त्या आठवड्यात निम्मी मुलं आलीच नाहीत. उरलेल्यांचे पालक रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही याची खात्री होईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी ताटकळत उभे राहायचे, म्हणजे ट्रकच्या बरोबर वाटेत. कुलूप काढावं लागलं. गोदामवाल्याशी भांडून झालं. तो म्हणाला, गल्ली माझी, तुमचं दार मोठ्या रस्त्यावर आहे ना? त्यात तो चुकीचा नव्हता हीच पंचाईत.

"नाव बदललं पाहिजे," धाकटी एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "कुणीतरी चिरडायच्या आत."

नाव बदलणं समितीलाही हवंच होतं. आमचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर, सज्जन माणूस, फक्त प्रत्येक गोष्ट भाषणासारखी बोलतात. पहिल्या खेपेला नाव त्यांनीच सुचवलं: 'प्रज्ञाज्योती विशेष विद्यालय'. टाळ्या पडल्या. ठराव झाला, शिक्षण खात्याची मंजुरी आली, पाटी बदलली.

आणि मुलांना आपल्या शाळेचं नाव वाचता येईना. लिहिता तर मुळीच येईना. वहीच्या पहिल्या पानावर ते नाव लिहिताना एक मुलगा रडला आणि त्याने वही कोपऱ्यात भिरकावली. ज्यांना साधं 'कमळ' ओळखायला घाम फुटतो, त्यांच्या दारावर आम्ही ती जोडाक्षरांची माळ टांगली होती. अशी चूक करायला समितीच लागते, एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

तेवढ्यावर भागलं नाही. सहामाही सरायच्या आत शेजारच्या मैदानावर मुलं झेल सुटलेल्या पोराला ओरडू लागली, "ए प्रज्ञाज्योती!" जुन्या शब्दाची जागा नव्याने घेतली इतकंच. आणि पालक? मागच्याच दाराने.

"अंगरखा बदलला, आतला माणूस तोच," मी म्हटलं.

"नाही वहिनी," धाकटी म्हणाली. "तिथेच आपण चुकतोय. आपण त्याच गोष्टीला चांगला शब्द शोधतोय. मंदचं प्रज्ञा केलं. म्हणजे अजूनही पाटी मुलाच्या डोक्याबद्दलच बोलतेय. लोक काही मूर्ख नाहीत. ज्याचं ताट भरलेलं आहे त्याच्या ताटावर कुणी 'भरलेलं' लिहीत नाही. ज्योत म्हटलं की ऐकणारा आधी अंधार समजतो."

मग तिने पालकांची सभा बोलावली. तिथे एक बुजुर्ग पहिल्यांदा बोलले. त्यांना सगळे औषधवाले आजोबा म्हणत. दोन चौक पलीकडे त्यांचं औषधाचं दुकान, अख्खं शहर त्यांच्याकडून खोकल्याची बाटली नेतं. त्यांची नात म्हणजे मुंगी. हे टोपणनाव. सतत काहीतरी ओढत, उचलत, हलवत असायची म्हणून. नऊ वर्षांची, गोष्ट सांगायला बसली की मोठी माणसं हातातलं काम टाकून ऐकत, आणि 'म' आणि 'भ' समोर ठेवले की डोळे मिटून घेई. आजोबा तिला रोज स्वतः आणत, गल्लीतून, तिचं दप्तर आपल्या खांद्यावर. दुकानात कुणी विचारलं तर सांगत, नात गाणं शिकायला जाते. मुंगीचा गळा कावळ्यासारखा, पण औषधवाल्याच्या शब्दावर कोण शंका घेणार?

धाकटीने सभेत नावं सुचवायला सांगितली. धो धो आली. उमेद. पंख. नवी पहाट. भरारी. फुलपाखरू.

धाकटी प्रत्येक नाव तपासत होती, आणि तिची तपासायची रीत मला तिथेच कळली. ती पालकांना म्हणाली, "आवडलं का ते नका सांगू. हे वाक्य मोठ्याने म्हणा: माझा मुलगा अमुक शाळेत जातो. शेजारणीला सांगतोय असं समजून म्हणा."

पालक म्हणू लागले. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. आवाज कुठे पडतो, तेवढंच. 'माझा मुलगा' इथपर्यंत ठणठणीत असलेला आवाज नावाशी आला की तळघरात उतरायचा. नाव कितीही सुंदर असो. 'उमेद'शी तर एका बाईला हुंदकाच आला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" कुणीतरी कुणाला तरी दटावलं. हसले होते औषधवाले आजोबा.

"हसत नाही हो," ते म्हणाले. "उमेद, पहाट, भरारी, ही सगळी टॉनिकची नावं आहेत. माझ्या फळीवर आहेत ना. टॉनिक कुणाला देतात? आजाऱ्याला. आणि दुसरं असं, की बाटलीवर पहाट लिहिलं की गिऱ्हाईक महिन्याने येऊन विचारतं, पहाट कुठेय?"

"मग लेबलच नको म्हणता?" डॉक्टर म्हणाले. "असं कसं चालेल? निदान नसेल तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नसेल तर परीक्षेत जादा वेळ नाही, लेखनिक नाही. लपवालपवीने मुलांचंच नुकसान होतं."

हा मुद्दा खरा होता, आणि तो बाजूला सारणारी माणसं मला आवडत नाहीत. आधीची काही घरं याच लाजेपायी तपासणीलाच गेली नव्हती आणि त्यांची मुलं मोठ्या परीक्षेत तीन तास कोऱ्या कागदाकडे बघत बसली होती.

आजोबा म्हणाले, "लेबल हवंच, डॉक्टर. बिनलेबलाची बाटली मी फेकून देतो. पण लेबल बाटलीला असतं. मी ते गिऱ्हाईकाच्या कपाळाला चिकटवून त्याला रस्त्याने पाठवत नाही."

धाकटीने डोळे उघडले. "प्रत्येक मुलाचं निदान त्याच्या फाइलमध्ये," ती म्हणाली. "फाइल माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. आई-बापाला मी समोर बसवून एकेक शब्द समजावून सांगेन, न लाजता, आणि जिथे गरज तिथे कागद देईन. खात्याच्या दप्तरात शाळा 'विशेष' म्हणूनच राहील, त्यामुळे सवलती जात नाहीत. रस्त्याला ते कळायचं कारण नाही."

"पण नाव काय?" सगळे म्हणाले.

नाव तिला पुढच्या आठवड्यात रिक्षाच्या थांब्यावर सापडलं. उभी राहून ती नुसती ऐकत होती. आमचे पालक रिक्षात बसताना शाळेचं नाव कधीच घेत नसत. कुठे सोडू म्हटलं की म्हणत, "बटण कारखान्यापाशी." सरळ, खणखणीत, अगदी भाजी मागितल्यासारखं. आवाज कुठेच पडत नव्हता.

'बटणघर'.

समितीत डॉक्टर म्हणाले, "हे काय नाव झालं? यात आशा कुठे आहे?"

"पाटीवर नाहीच," धाकटी म्हणाली. "पाटीवर लिहिली की ती आपली जाहिरात होते. मला ती आत हवी."

पण मतं फिरली ती एका आईमुळे. ती सकाळच्या पाळीची परिचारिका. म्हणाली, "मी या आठवड्यात दोन नावं वापरून बघितली. प्रज्ञाज्योती म्हटलं तर समोरची विचारते, काय झालंय हो त्याला? बटणघर म्हटलं तर विचारते, अय्या, तिथे काय शिकवतात? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण नावाची इतकी नेमकी कसोटी कुठे वाचली नव्हती. नावाने मुलाचं वर्णन करायचंच नाही. पुढचा प्रश्न कुठला येईल तेवढं बघायचं.

धाकटीने तरीही अजून एक परीक्षा घेतली. मैदानावरच्या टवाळ पोरांना बोलावून गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "बटणघरच्या पोराला काय म्हणून चिडवाल?" पोरं विचार करकरून दमली. "ए बटण," एक म्हणाला. मुंगी तिथेच होती. ती म्हणाली, "आणि तू काज." पोरंच हसली. धाकटीने मला खूण केली, लिही, पास.

ठराव असा झाला: वर मोठ्या अक्षरांत 'बटणघर', खाली बारीक 'पहिली ते सातवी'. आणखी काही नाही. मी तो लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, डॉक्टरांनीही. पाटी रविवारी लागणार होती. सोमवारपासून मागचं दार कायमचं बंद, सगळे पुढून. मुलांनी आठवडाभर तयारी केली. बटणांनी ती पाच अक्षरं मांडली, बोटांनी गिरवली. मुंगीला ती वाचता येऊ लागली. ती पाच आणि तूर्त तेवढीच. सोमवारी कोपऱ्यावरून पाटी आपणच मोठ्याने वाचायची, असं तिने आजोबांकडून कबूल करून घेतलं होतं.

आजोबाही कबूल झाले होते. गुळगुळीत दाढी करून येतो म्हणाले.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. धाकटी पुढच्या दारात उभी होती, इस्त्रीची साडी, हातात घंटा. पाटीकडे तिची पाठ होती. मी रस्ता ओलांडता ओलांडता वर पाहिलं.

'बटणघर'. झकास, पिवळ्यावर काळं, मोकळी अक्षरं. आणि खाली 'पहिली ते सातवी' नव्हतं. खाली लांबलचक ओळ होती: 'अध्ययन-अक्षम विशेष बालकांसाठी सेवाभावी शाळा'.

"वर बघ," मी म्हटलं.

तिने वळून पाहिलं. हातातली घंटा खाली ठेवली.

"रंगाऱ्याला कुणी सांगितलं?"

मला ते विचारायची गरज नव्हती. शनिवारी डॉक्टर मला म्हणाले होते, की गरजू पालकांना शाळा सापडायला हवी ना हो, शिवाय देणगीदारांना कळायला हवं आपण काय करतो ते. मी म्हटलं होतं, ठराव झालाय. ते म्हणाले होते, हो हो, झालाच आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाचा हात रंगाऱ्यापर्यंत कधी पोचतो ते कळतही नाही.

"शिडी आण," धाकटी शिपायाला म्हणाली. शिडी गच्चीवर होती. तो धावला.

तोवर पालक यायला लागले. कोपऱ्यावर येत, वर पाहत, आणि पावलं मंदावत. परिचारिका आई आली. तिने ओळ वाचली, ओठ घट्ट मिटले, मुलाचा हात धरून सरळ दारातून आत गेली. तिच्यामागून दोघं-तिघं आले. एक बाप मात्र कोपऱ्यावरूनच परत फिरला. दुसरी एक बाई रस्त्यापलीकडे दुकानात काही घेत असल्याचं नाटक करत उभी राहिली. गल्लीतून शिट्टीचा आवाज येत होता, संथ, एकसारखा. मागच्या दाराला कुलूप होतं, पण ते त्यांना आठवलं असतं का?

"मागचं दार उघड," मी धाकटीला म्हटलं. "निदान आजच्यापुरतं."

"उघडलं तर सगळे तिकडे जातील."

"नाही उघडलं तर बंद दाराशी उभे राहतील. ट्रक आत येतोय."

तिने कमरेच्या जुडग्यातून मागच्या दाराची किल्ली काढून माझ्या हातात दिली. तेवढ्यात कोपऱ्यावर औषधवाले आजोबा दिसले.

दाढी खरंच गुळगुळीत होती. खांद्यावर मुंगीचं दप्तर, हातात डबा. मुंगी थांबली, मान वर केली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं वाचू लागली. "ब. ट. ण. घ. र. बटणघर. आजोबा, बटणघर."

आजोबा खालची ओळ वाचत होते.

चहाच्या टपरीवर त्यांची दोन गिऱ्हाइकं बसलेली. एकजण हात वर करून म्हणाला, "काय मालक, आज इकडे?" आजोबांनी मुंगीचा हात ओढला. "चल."

"तिकडे कुठे? दार इकडे आहे."

"चल म्हणतो ना."

"बाई म्हणाल्यात पुढून यायचं. मी वाचलंय." तिने हात सोडवून घेतला आणि पळत धाकटीपाशी आली. खालची ओळ तिला वाचता येत नव्हती. ती तिच्यासाठी तिथे नव्हतीच. धाकटीने एका हाताने तिला आत घेतलं आणि दुसरा हात वर करून हाक मारली, "आजोबा, इकडे या, काही होत नाही."

पण गिऱ्हाइकांपुढून, त्या ओळीखालून चालत येणं त्यांना जमेना. ते आमच्याकडे बघून हसले. फार सभ्य, कसनुसं हसू. डबा उंच करून दाखवला, म्हणजे हा मागून आणून देतो. आणि गल्लीत वळले.

मी किल्ली घेऊन आतून धावले. या वयात माझं धावणं म्हणजे भरभर चालणं. अंगण ओलांडलं, बरण्यांचा वर्ग ओलांडला. शिट्टी चालूच होती. हमाल ट्रकच्या एका बाजूला उभा असणार आणि आजोबा दुसऱ्या बाजूने भिंतीला धरून येत असणार, हे मला न बघताच दिसत होतं. कुलपाला किल्ली लावली तेव्हा दारापलीकडून कुणीतरी हळूच दार वाजवत होतं. दुकानदार माणूस, तिथेही सभ्यपणे.

"आले, आले," मी म्हटलं.

मग शिट्टी थांबली. पण ती डबा पडल्याच्या आवाजानंतर थांबली.

आजोबा वाचले. मांडीचं हाड मोडलं, खुब्याजवळ. दार उघडून मी त्यांना निम्मं आत ओढलं, बाकीचं हमालाने उचललं. तो सारखा म्हणत होता, "बाई, मी सांगितलं होतं." आजोबा शुद्धीवर होते. एवढंच म्हणाले, "मुंगी पुढून गेली ना?"

दुपारी मी दवाखान्यातून परतले तेव्हा धाकटी शिडीवर होती. शिपायाला तिने खाली उभं केलं होतं आणि स्वतः पिवळा रंग फासत होती. डॉक्टर रस्त्यावर उभे होते, चेहरा उतरलेला.

"मला फक्त असं वाटलं," ते म्हणाले, "की लपवण्यासारखं काही नाही असं आपण ठामपणे म्हणावं."

"तुम्ही म्हणा," धाकटी वरून म्हणाली, ब्रश न थांबवता. "तुमच्या छातीवर लिहून हिंडा. त्यांच्या वतीने नका म्हणू."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग कोट काढून शिपायाच्या हातात दिला आणि शिडी धरली. ते सज्जन आहेत हे मी वर लिहिलंच आहे.

औषधवाल्या आजोबांना भेटायला अख्खं शहर लोटलं. प्रत्येकजण विचारी, त्या गल्लीत तुम्ही कशाला? पहिले दोन दिवस ते म्हणाले, रस्ता चुकलो. तिसऱ्या दिवशी मी तिथे बसले असताना टपरीवरचंच गिऱ्हाईक आलं आणि त्यानेही विचारलं.

"नातीची शाळा आहे तिथे," आजोबा म्हणाले. "बटणघर."

"अस्सं? तिथे काय शिकवतात?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्याला सांगितलं, बोटांनी अक्षरं कशी शिकवतात ते, बरंच सविस्तर. तो गेल्यावर म्हणाले, "पुढून गेलो असतो तर दोघांनी पाहिलं असतं. आता सगळ्या गावाने पाहिलं. तुमची जाऊ हिशेबात हुशार, मी कच्चा."

आता ते काठी टेकत येतात, पुढच्या दाराने. गल्लीत काठी चालत नाही. मुंगीचं दप्तर मुंगीच्याच खांद्यावर असतं. त्यांना बघून बरेच पालक पुढून येऊ लागले. सगळे नाही. परत फिरलेला तो बाप पुन्हा आलाच नाही. त्याचा मुलगा आता कुठे आहे, कुणाला माहीत नाही. धाकटी दोनदा त्यांच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं.

आणि पाटीचं म्हणाल तर पिवळा रंग काळ्यावर नीट बसत नाही. सकाळचं ऊन तिरपं पडलं की खालची ओळ आतून वर येते, आधी 'अक्षम' आणि मग बाकीचं. धाकटीने आतापर्यंत कितीदा तरी रंग दिला. पाटीच नवी करा म्हटलं तर समितीत विषय निघतो, की नव्या पाटीवर खाली एखादी ओळ असावी का. म्हणून ती रंगच देत राहते.

परवा सकाळी मी दारात उभी होते. कोपऱ्यावर एक नवी बाई आली, हाताशी पाच-सहा वर्षांची मुलगी. तिने पाटी वाचली, वरचं, मग डोळे बारीक करून खालचं. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि तिची नजर गल्लीकडे गेली.

"वहिनी, घंटा धर," धाकटी म्हणाली आणि माझ्या हातात घंटा कोंबून लांब ढांगा टाकत रस्ता ओलांडू लागली.

गल्लीत शिट्टी चालू होती.